शीर्षक माझं होतं, हप्ते मावशींचे बुडाले

अमळनेरला मामांचं सेवा केंद्र आहे. मी सरकारी योजनांची माहिती मराठीत लिहितो, आणि बहुतेक वेळा मामांच्या काउंटरच्या मागच्या खुर्चीत बसूनच लिहितो, कारण लोकांचे खरे प्रश्न तिथेच कानावर पडतात. गेल्या वर्षी तापीकाठच्या एका गावातून एक मावशी आल्या. पिशवीत कागद होते आणि पुतण्याच्या फोनमध्ये एक स्क्रीनशॉट. "भाऊ, मना नाववर सातबारा झाया, पन हाई तर नही म्हनस," असं म्हणत त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर माझंच शीर्षक होतं: "पीएम किसान: १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ नाही."

त्यांचे यजमान २०२१ मध्ये वारले. तीन एकर शेत यजमानांच्या नावावर आधीपासून होतं. वारस नोंद झाल्यावर मावशींचं आणि दोन लहान मुलांचं नाव सातबाऱ्यावर आलं. पुतण्याने शीर्षक वाचून सांगितलं की आपल्याला मिळणार नाही, आणि त्यांनी दीड वर्ष अर्जच केला नाही. दर चार महिन्यांनी २,००० रुपये, म्हणजे दीड वर्षात चार हप्ते.

नियमात जमीनधारणा पाहण्याची तारीख १ फेब्रुवारी २०१९ हीच आहे. पण त्याच वाक्यात अपवादही आहे: जमीनमालकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेली जमीन त्यातून वगळली आहे. आत मजकुरात, तिसऱ्या परिच्छेदात, मी तो लिहिलेला होता. त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं की माझी चूक नाही, लोक पूर्ण वाचत नाहीत. मामांनी ते मान्य केलं नाही. म्हणाले, "अरे, पुतण्यानं जेवढं वाचलं तेवढ्यात 'नाही' होतं. 'नाही' वाचल्यावर माणूस पुढं कशाला वाचेल?" हे बरोबर होतं. 'मिळेल' वाचलेला माणूस निदान कागद घेऊन येतो आणि चूक असेल तर काउंटरवर कळते. 'नाही' वाचलेला माणूस येतच नाही, म्हणून ती चूक कुणाला दिसतही नाही.

आम्ही मावशींचे कागद टेबलावर पसरले. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाजवळ फेरफार क्रमांक होता. त्या क्रमांकाचा फेरफार उतारा काढला तर त्यात यजमानांच्या मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं स्पष्ट लिहिलेली होती. सातबारा फक्त आज जमीन कुणाची आहे ते सांगतो. ती कशी आली, खरेदीने, बक्षीसपत्राने, वाटणीने की वारशाने, हे फेरफार सांगतो. अर्ज भरतानाही जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर आली की नंतर असं विचारतात, आणि हस्तांतराचं कारणही द्यावं लागतं. मावशींचा सगळा हक्क त्या कारणाच्या रकान्यात होता, आणि माझ्या शीर्षकात कारण नव्हतंच, फक्त तारीख होती.

नवं शीर्षक लिहायला बसलो. पहिला प्रयत्न "वारसांना पीएम किसान मिळते". हे चुकीचं, कारण मयताच्या वारशामुळे तारखेची अट सुटते, बाकीच्या अटी सुटत नाहीत. वारस आयकर भरणारा असेल तर त्याला नाहीच. दुसरा प्रयत्न "वारसांना पीएम किसान मिळू शकते". हे खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नव्हतं. 'मिळू शकते' हे कुठल्याही योजनेला लावता येतं. बराच वेळ अडल्यावर लक्षात आलं की मी नियमाने न दिलेलं आश्वासन द्यायला निघालो होतो. नियम एवढंच म्हणतो की ही तारीख वारसाच्या आड येत नाही. मग तेवढंच लिहिलं: "पीएम किसान: वारसाला २०१९ ची अट आड येत नाही."

कागदपत्रांसाठी वेगळं शीर्षक केलं. पात्रता आणि कागदपत्रं एकाच शीर्षकात बसवायची माझी जुनी सवय होती, "पात्रता, कागदपत्रे, अर्ज, संपूर्ण माहिती" अशी. त्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिसत नाही. आता कागदांच्या शीर्षकात मी तो एक कागद लिहितो जो नसेल तर माणूस परत जातो. इथे तो वारस फेरफार. सातबारा, आठ-अ, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं हे लोक विचारण्याआधीच घेऊन येतात. आकडा मात्र लिहीत नाही. आधी एका शीर्षकात "लागणारी ५ कागदपत्रे" लिहिलं होतं. नंतर नव्या नोंदणीला शेतकरी ओळख क्रमांक मागायला लागले आणि तो पाच रातोरात खोटा झाला. आतली यादी मी दुरुस्त केली, शीर्षकातला आकडा आठवडाभर तसाच राहिला. तेवढ्यात किती जण पाचच कागद घेऊन तालुक्याला गेले असतील, याचं मला अजून वाईट वाटतं.

मावशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. यजमानांच्या मृत्यूची नोंद योजनेकडे झालेली नव्हती. ती आधी करायला लावली, कारण मयताच्या खात्यात जमा झालेली रक्कम परत मागितली जाते. मग मावशींचा अर्ज भरला. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून सातबाऱ्यावर तीन नावं असली तरी अर्ज एकच.

मला वाटलं शीर्षक आता पक्कं झालं. पण पंधरा दिवसांनी चोपडा तालुक्यातला एक तरुण केळीचा बाग सोडून मोटारसायकलने आला. वडील हयात होते, २०२२ मध्ये त्यांनी वाटणी करून दोन एकर त्याच्या नावावर केलं होतं. त्याने माझं नवं शीर्षक वाचलं होतं. "मी वारसच आहे ना," तो म्हणाला. आपल्याकडे मुलगा जन्मला की वारस आला म्हणतात, त्याचं काय चुकलं? योजनेला मात्र वारसा मृत्यूनंतरच दिसतो, आणि वडील हयात असताना झालेल्या वाटणीने २०१९ नंतरची अट सुटत नाही. त्याचा दिवसाचा खाडा झाला आणि पेट्रोलही गेलं.

त्या संध्याकाळी मामी भाकरी टाकत होत्या. मी शेजारी बसून त्यांना एकेक शीर्षक वाचून दाखवलं, आत काय आहे ते न सांगता, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "मामी, कुणाला मिळंल?" 'वारसाला' म्हटलं की त्या म्हणायच्या, "पोराला." 'मयताच्या वारसाला' म्हटलं तर म्हणाल्या, "हां, बाप गेला असंल तर." पण फोनवर लांब शीर्षकाचा शेवट टिंबांत जातो, म्हणून मृत्यूचा शब्द अगदी पुढे हवा होता. शेवटी जे ठेवलं ते असं: "शेतमालक वारल्यावर पीएम किसान: वारसाला २०१९ ची अट नाही, वाटणी-खरेदीला आहे."

मामींनी तवा उतरवला आणि म्हणाल्या, "आता पोरगा येनार नाही, मावशी येईल."