जाड विटांच्या भिंतीतून उष्णतेचा प्रवास : प्रगतीची नोंद

या टप्प्यात पश्चिमेकडील विटांच्या भिंतीचे एकमितीय संख्यात्मक प्रारूप पूर्ण झाले. विटांसाठी उष्णतावाहकता 0.8 वॉट प्रति मीटर-केल्विन, घनता 1800 किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता 880 ज्यूल प्रति किलोग्रॅम-केल्विन धरली आहे. गिलावा सध्या वगळला आहे. या मूल्यांवरून 24 तासांच्या तापमान-तरंगाची भेदन-खोली सुमारे 118 मिलिमीटर येते, म्हणजे भिंतीत तेवढे अंतर आत गेल्यावर तरंगाची उंची जवळपास 37 टक्क्यांवर येते आणि त्याला 3.8 तासांचा उशीर होतो.

450 मिलिमीटर जाडीचे 15 मिलिमीटरचे भाग पाडले आणि कालखंड 120 सेकंदांचा ठेवला. गणित स्थिर राहण्यासाठी कालखंड किती मोठा चालेल, याचा आतील बिंदूंचा निकष 220 सेकंदांपर्यंत मोकळीक देतो. बाहेरच्या पृष्ठभागावरील बिंदूला मात्र वाऱ्यामुळे होणारी देवाणघेवाणही सोसावी लागते, त्यामुळे त्याची मर्यादा 150 सेकंदांच्या आसपास येते. ती ओलांडल्यास पृष्ठभागाच्या तापमानात करवतीसारखे दाते दिसू शकतात आणि 240 सेकंदांवर गणित पूर्णपणे फुटते. शिवाय सुरुवातीला गृहीत धरलेल्या तापमानाची आठवण जाड भिंत बरेच दिवस बाळगते, म्हणून लागोपाठच्या दोन दिवसांचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत कोणताही आकडा वाचू नये.

बाहेरच्या बाजूला हवेच्या तापमानाऐवजी सोल-एअर तापमान दिले आहे, ज्यात भिंतीने शोषलेले ऊनही अंशांत मोजले जाते. सोलापूरकडच्या मे महिन्याला साजेसे म्हणून त्याची सरासरी 36 अंश, चढउतार सरासरीच्या दोन्ही बाजूंना 12 अंश आणि शिखर दुपारी साडेतीनला धरले. खोली 28 अंशांवर स्थिर ठेवली. नऊ इंची, म्हणजे 230 मिलिमीटरच्या भिंतीत कालविलंब 6.9 तास आणि क्षीणन गुणक, म्हणजे भिंतीने उष्णता साठवलीच नसती तर खोलीत पोहोचला असता त्या तरंगाच्या तुलनेत प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या तरंगाचे प्रमाण, 0.46 आला. 345 मिलिमीटरला हेच आकडे 10.6 तास व 0.23, तर 450 मिलिमीटरला 14.1 तास व 0.11 असे आले. आवर्ती उष्णतावहनाच्या सारणी-पद्धतीने केलेली पडताळणी यांच्याशी जुळते.

या आकड्यांना घड्याळाशी जोडले की अर्थ लागतो. नऊ इंची भिंत दुपारचे ऊन रात्री साडेदहाच्या सुमारास, नेमके अंथरूण घालण्याच्या वेळी, खोलीत सोडते. अठरा इंची भिंतीचे शिखर पहाटे साडेपाचला येते, जेव्हा बाहेरची हवा सर्वांत थंड असते आणि खिडक्या उघडून ती उष्णता सहज घालवता येते. मधली भिंत पहाटे दोनला तापते, पण तोवर तरंग इतका उतरलेला असतो की त्याची फारशी तक्रार करता येत नाही.

येथे एक गल्लत नेहमी होते. क्षीणन गुणक केवळ चढउताराला लागू होतो. सरासरी 36 आणि आतील 28 यांतील 8 अंशांचा फरक दिवसरात्र उष्णता ढकलत राहतो आणि त्याचा हिशेब साध्या यू-मूल्याने, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या वॉटने होतो. नऊ इंची भिंतीत हा स्थिर प्रवाह दर चौरस मीटरला 17.5 वॉट आणि तरंगाचा वाटा 12 वॉट, म्हणून शिखर सुमारे 30 वॉट येते. अठरा इंची भिंतीत स्थिर प्रवाह 11 आणि तरंग जेमतेम 2, म्हणजे एकूण 13 वॉट. जाडी दुप्पट केल्याने तरंग सहापटीने घटला, सरासरी प्रवाह मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा पुढेच कमी झाला. त्यामुळे माझ्या मते 450 मिलिमीटरच्या पुढे वीट वाढवण्यापेक्षा चुन्याचा पांढरा हात देणे किंवा पश्चिमेला पडवी काढणे अधिक फलदायी ठरेल, कारण त्यांनी सरासरीच खाली येते.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष मोजणीचा आहे आणि तेथे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, विलंब सोल-एअर तापमानापासून मोजायचा की बाहेरच्या पृष्ठभागापासून, हे आधी ठरवावे लागते. पृष्ठभाग स्वतःच पाऊण तासाहून थोडा अधिक मागे असतो, म्हणून दोन पृष्ठभागांमधला विलंब 14.1 ऐवजी 13.3 तास भरतो. दुसरी अडचण मोठी आहे. अठरा इंची भिंतीच्या आतील पृष्ठभागावर हा तरंग सरासरीच्या वरखाली केवळ पाव अंशाचा असतो, तर राहत्या खोलीची हवा दार उघडले तरी त्याहून अधिक हलते. DS18B20 या तापमान-संवेदकाला पाव अंशाचा बदल दिसतो खरा, पण तो भिंतीमुळे झाला की खोलीमुळे, हे त्यातून कळत नाही. म्हणून संवेदक विटांच्या सांध्यात आडवे भोक पाडून भिंतीच्या मध्यावर बसवणार आहे. तेथे प्रारूपानुसार तरंग सुमारे 1.4 अंशांचा असायला हवा. भोक मात्र चुन्याच्या मसाल्यानेच भरावे लागेल, कारण पोकळी राहिल्यास संवेदक त्या हवेचे तापमान सांगेल.