विषय : महत्त्वाची सूचना

दुपारी जेवून जरा आडवं व्हायचं आणि डोळा लागेपर्यंत मेल चाळायचे, ही माझी वाईट सवय. मंगळवारी असाच पडलो होतो, तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा मेल आला. विषय : ‘सभासदांसाठी महत्त्वाची सूचना’. मी तो उघडला नाही. काकांच्या प्रत्येक मेलचा विषय हाच असतो. जिन्यात चपला ठेवू नका ही महत्त्वाची सूचना, वार्षिक सर्वसाधारण सभा हीसुद्धा महत्त्वाची सूचना, आणि कोणीतरी पार्किंगमध्ये कबुतरांना दाणे टाकतंय हीसुद्धा. त्यातून आदल्याच दिवशी लिफ्टच्या दुरुस्तीचा मेल येऊन गेला होता. पाठवणारा तोच, विषय तोच, म्हणून जीमेलने दोन्ही एकाच माळेत ओवले होते. वरवर बघणाऱ्याला वाटावं, कालचंच काहीतरी पुन्हा आलंय.

संध्याकाळी समोरच्या वहिनींनी विचारलं, ‘‘पिंप आहे का हो तुमच्याकडे एखादं जास्तीचं?’’ तेव्हा मेल उघडला. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’पासून सुरुवात, मग मागच्या महिन्यातल्या कमिटी मीटिंगचा हवाला, मग सफाईच्या कंत्राटदाराचं नाव, आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात : गुरुवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५ टाकी सफाईसाठी पाणी बंद. सगळ्या मेलमध्ये कामाचं वाक्य ते एकच.

आमच्या शाळेत मराठीच्या बाई पत्रलेखनाच्या वह्या तपासायच्या, तेव्हा मजकुरावर तळहात ठेवायच्या. फक्त ‘विषय’ची ओळ उघडी. ‘‘मी मुख्याध्यापक. टेबलावर अर्जांचा ढीग आहे. सांग, काय करू मी?’’ एकाने विषय लिहिला होता, ‘आजाराबाबत’. बाई म्हणाल्या, ‘‘कोणाच्या? माझ्या?’’ वर्ग हसला. मग त्यानं खोडून लिहिलं, ‘रजेबाबत’. बाईंचा हात अजून जागचा हलेना. ‘‘हवी आहे, घेऊन झाली, का रद्द करायची आहे?’’ शेवटी ‘दोन दिवसांची रजा मिळणेबाबत’ आल्यावर त्यांनी हात उचलला आणि खालचं एक अक्षरही न वाचता लाल पेनानं बरोबरची खूण केली. आम्हाला तेव्हा तो निव्वळ अन्याय वाटला. खालचं पत्र एवढं घोटून लिहायचं, पार ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’पर्यंत, आणि मार्क मात्र एका ओळीवर!

पण तो तळहात डोक्यात राहिला. हल्ली तोच तळहात फोन ठेवतो. मोबाइलच्या पडद्यावर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरं दिसतात, पुढे तीन टिंबं. तेव्हा जे काही सांगायचं ते त्या तिसाच्या आत आलं पाहिजे. ‘सभासदांसाठी महत्त्वाची सूचना’मध्ये ती सगळी जागा खर्च होते आणि वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. तो सभासद आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि महत्त्वाचं काय ते त्याचं त्याला ठरवायचं असतं.

त्या रात्री मी काकांचा विषय मनातल्या मनात पुन्हा लिहायला घेतला. मला हा चाळाच आहे. लग्नपत्रिका, पाट्या, बँकेचे मेल, काहीही असो, मी त्याची पहिली ओळ बदलून बघतो. बायकोला हे चांगलं माहीत आहे, म्हणून तिनं पाठवलेल्या मेलला विषयच नसतो.

पहिला प्रयत्न : ‘टाकी सफाईबाबत’. बाईंचा हात हलणार नाही. सफाई करणार, झाली, का कोटेशन मागवलंय? शिवाय टाकी ही काकांची काळजी, माझी काळजी पाणी. दुसरा : ‘पाणीपुरवठा बंद राहण्याबाबत’. हे बरं, पण कधी? तिसरा : ‘उद्या पाणी बंद’. छान, छोटं, ठसठशीत, आणि धोक्याचं. कारण असा मेल बुधवारी निघणार आणि निम्मी सोसायटी तो गुरुवारी वाचणार. मग त्यांचा ‘उद्या’ शुक्रवार होतो. गुरुवारी हे लोक साबण लावून बाथरूममध्ये उभे राहतात आणि शुक्रवारी पिंपं भरून ठेवतात. विषयात ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ घालू नये, वार आणि तारीख घालावी, हे मी आता लोकांना न विचारता सांगतो. त्यातही ‘येत्या गुरुवारी’ म्हटलं की कुठला गुरुवार यावर अर्धा तास वाद घालणारे आमच्या ‘बी’ विंगमध्ये आहेत.

शेवटी जमलं ते असं : ‘गुरु. १८ : १० ते ५ पाणी बंद, बुधवारी भरून ठेवा’. वार, तारीख, वेळ, काय होणार हे सगळं आधी. आपण काय करायचं ते नंतर. तीन टिंबांनी शेपूट खाल्लंच, तर ‘भरून ठेवा’ जाईल, पण पाणी बंद आहे म्हटल्यावर ते कुणाला सांगावं लागत नाही. टाकीचा उल्लेखच गळला. तो आत राहू दे, ज्याला कारण हवं तो उघडेल.

दुसऱ्या दिवशी काका खाली भेटले, तेव्हा मी हळूच विषय काढला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अहो, पण ‘महत्त्वाची’ लिहिल्याशिवाय उघडतं कोण?’’ मी म्हटलं, ‘‘काका, न उघडताच कळलं तर बिघडलं कुठे?’’ हे त्यांना पटलं नाही. लिहिणाऱ्याला आपला मेल उघडला जावा असं वाटतं. त्याच्या लेखी विषय म्हणजे कडी, ती वाजली की आतल्यानं दार उघडायलाच हवं.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. तिथे पत्राच्या डोक्यावर ‘तात्काळ’ असतं, त्याच्या वरताण ‘अति तात्काळ’, शिवाय ‘कालमर्यादित’. काका स्वतःच सांगतात, सगळ्याच फायलींवर ‘अति तात्काळ’ यायला लागलं, तेव्हा ज्या फायलीसाठी साहेबांचा शिपाई जातीनं येऊन उभा राहायचा तीच आधी उचलायचे. मेलमध्ये हाच प्रकार ‘अर्जंट’चा, आणि आउटलुकमधल्या त्या लाल उद्गारचिन्हाचा. तारेचं बरं होतं. शब्दागणिक पैसे पडायचे, आणि ‘एक्सप्रेस’ करायची तर दर आणखी चढायचा. घाई आहे म्हणणाऱ्याला खिशात हात घालावा लागायचा, म्हणून घाई खरी असायची. लाल उद्गारचिन्ह फुकट मिळतं. त्यामुळे ते सगळ्यांत जास्त कोण वापरतं, तर ज्यानं आपलं काम आठवडाभर उशिरा सुरू केलंय तो. खरी घाई तारखेत दिसते. ‘अर्जंट : लिफ्ट कोटेशन’ हे मी संध्याकाळवर टाकीन, पण ‘लिफ्ट : शुक्र. ५ वाजेपर्यंत होकार हवा, नंतर दर वाढणार’ असं वाचून मी आडवा पडलेला उठून बसतो. त्यात अर्जंट शब्द नाही. आणि अशी तारीख देता येत नसेल, तर काम बहुधा अर्जंट नसतंच.

एवढं बोलून झाल्यावर काकांनी माझी ओळ जशीच्या तशी वापरली, हे त्यांचं मोठेपण. गुरुवारी कुणीही साबण लावून अडकलं नाही. आणि पुढच्या आठवड्यात गणपतीच्या वर्गणीचा मेल आला, त्याचा विषय होता : ‘Re: गुरु. १८ : १० ते ५ पाणी बंद, बुधवारी भरून ठेवा’. सगळ्यांचे पत्ते पुन्हा टाकायचे कष्ट नकोत, म्हणून काका जुना मेल काढतात आणि ‘सर्वांना उत्तर’ दाबतात. विषय तसाच. सोसायटीत दोन-तीन घरांनी पुन्हा पिंपं भरली. जीमेलमध्ये उत्तराच्या बाणाशेजारी ‘Edit subject’ असतं, ते केलं की नवी माळ सुरू होते, हे मी काकांना दाखवून आलोय. त्यांनी मान डोलावली. बघू.

आता काकांपुढे मी जे बोललो नाही ते. काही विषय उघडे करू नयेत. विषय पाकिटाच्या बाहेर असतो. कुलूप लावून टेबलावर ठेवलेल्या फोनवरही तो उजळतो, आणि शेजारी बसलेला वाचतो. आतला मजकूर कूटबद्ध करणाऱ्या बहुतेक जुन्या व्यवस्थांतही विषयाची ओळ उघडीच जाते. ‘४०२ ची तीन महिन्यांची थकबाकी, ३० तारखेपर्यंत भरा’ हा माझ्या कसोटीवर उत्तम विषय आहे. आणि तो असा कधीही पाठवू नये. तिथे ‘मेंटेनन्स : ३० तारखेपर्यंत आपलं उत्तर हवं’ एवढंच बरं. काय करायचं आणि कधीपर्यंत, तेवढं बाहेर, बाकीचं आत.

आत्या गेली तेव्हा व्हॉट्सअॅप आलेलं नव्हतं. रात्रीचे दोन वाजले होते. तिचा मुलगा न्यू जर्सीत, म्हणजे तिकडे दुपार, तो ऑफिसात. फोन लागत होता, उचलला जात नव्हता. मीटिंगमध्ये असणार. मेल लिहायला बसलो आणि विषयाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. माझ्या सगळ्या नियमांप्रमाणे तिथे काय लिहायला हवं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण त्याच्या ऑफिसात नवा मेल आला की पडद्याच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय उगवतो, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं, आणि मीटिंगमध्ये तो पडदा भिंतीवरही असू शकतो.

आजोबांच्या वेळी गावाहून तार आली होती, ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. ती तार केली तेव्हा आजोबा जाऊन बारा तास झाले होते. तार करणाऱ्या माझ्या काकांना ते ठाऊक होतं, वाचणाऱ्या बाबांनाही ते ठाऊक झालं, आणि तरी मधल्या सगळ्या एसटीच्या प्रवासात बाबा आईला सांगत होते, ‘‘सीरियस आहेत म्हणे.’’ शब्दाला पैसे पडत असतानाही काकांनी खोटा शब्द निवडला होता.

मी विषय लिहिला, ‘लगेच घरी फोन कर, कितीही वाजता’. खाली मजकूर लिहिला नाही. दहाएक मिनिटांत त्याचा फोन आला. मी ‘‘हॅलो’’ म्हटलं, तर त्यानं एवढंच विचारलं, ‘‘किती वाजता?’’