पहिल्या दोन वर्षांतल्या तीन चुका, सांगलीच्या मीटअपमध्ये बोललो त्या

रविवारी विश्रामबागला फ्रीलान्सर मंडळींचा मीटअप झाला, त्यात मला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी पॅकेजिंग डिझाईन करतो. पहिल्या दोन चुका पटकन सांगितल्या. एका हळदीच्या पॅकेटचं काम घेतलं तेव्हा करेक्शन किती वेळा करून देणार ते लिहूनच दिलं नव्हतं, मग पिवळा रंग जरा गडद करा, परत फिका करा असं महिनाभर चाललं. आणि दुसरी म्हणजे पेमेंट यायच्या आधीच ओपन सीडीआर फाईल देऊन टाकली, ती प्रेसवर गेली, छपाई झाली आणि बाकीचे पैसे राहिले ते राहिलेच. आता फायनल पैसे येईपर्यंत मी फक्त वॉटरमार्कवाला पीडीएफ पाठवतो.

तिसऱ्या चुकीवर मात्र बराच वेळ बोललो, कारण ती बऱ्याच जणांची चालू आहे. पुण्याच्या एका कंपनीला वर्षभरात 1,80,000 ची बिलं दिली, खात्यात आले 1,62,000. दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे गेले, असं धरून मी गप्प बसलो. खरं तर ते 18,000 माझ्या पॅनवर सरकारकडे जमा होते आणि त्या वर्षी मला टॅक्सच बसत नव्हता, म्हणजे रिटर्न भरलं असतं तर सगळे परत आले असते. पण उशिराचं रिटर्नसुद्धा 31 डिसेंबरपर्यंतच भरता येतं, आणि नंतरच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. सीए म्हणाले, उशीर माफ करण्याचा अर्ज असतो, पण त्याला सबळ कारण लागतं. माझ्याकडे ते नव्हतं.

दुसऱ्या वर्षी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची यादी, उघडून प्रत्येक बिलाशी ताळा केला तर जानेवारी-मार्चचा टीडीएस दिसेचना. कंपनीने कापला होता पण त्यांच्या टीडीएस रिटर्नमध्ये माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. अकाउंट्सला बिल नंबर, तारीख आणि पॅनची कॉपी मेल केली, त्यांनी करेक्शन भरलं, एन्ट्री दिसली, मगच मी रिटर्न भरलं. शेवटच्या तिमाहीचं त्यांचं रिटर्न 31 मेपर्यंत जातं, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत थांबून कंपनीकडून टीडीएसचा दाखला, म्हणजे 16ए, मागून घ्यायचा, एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई करायची नाही.

नंतर चहाच्या वेळी एक व्हिडिओ एडिटर मुलगी आली, म्हणाली, "दादा, माझा तर एकच टक्का कापतात, ते चुकतंय का?" म्हटलं, काही कंपन्या कॉन्ट्रॅक्ट धरून एक टक्का कापतात, काही प्रोफेशनल फी धरून दहा, कापलेला टीडीएस दोन्हीकडे तुझ्याच पॅनवर जमा व्हायला हवा. तिथंच तिने फोनवर पोर्टल उघडलं, तर दोन क्लायंटपैकी एकाचीच एन्ट्री होती. दुसऱ्याला काय मेल करायचा ते आम्ही उभ्या उभ्याच टाईप केलं.