आमची वाटचाल: मुलाखतीपासून वीस सेकंदांपर्यंत

सुरुवातीला आम्ही तज्ज्ञांच्या लांबलचक मुलाखती चित्रित करून द्यायचो. पुढे ग्राहक त्याच मुलाखतींतून छोट्या क्लिप मागू लागले आणि आमचं निम्मं काम एडिटिंगच्या टेबलावरून प्रश्नांच्या कागदावर सरकलं. वीस सेकंदांत माणूस सावकाश बोलला तर चाळीसेक शब्द होतात, म्हणजे तीन-चार वाक्यं. तेवढ्यात बसणारं उत्तर हवं असेल तर प्रश्नही तेवढाच नेमका लागतो.

म्हणून आम्ही आधी हवी असलेली क्लिप कागदावर लिहितो आणि तिच्यावरून मागे येत प्रश्न तयार करतो. एका नेत्रतज्ज्ञांच्या मुलाखतीसाठी ग्राहकाने प्रश्न पाठवला होता: "स्क्रीनचा डोळ्यांवर काय परिणाम होतो आणि काय काळजी घ्यावी?" यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही अघळपघळ. असं विचारलं की डॉक्टर चष्म्यापासून झोपेपर्यंत सगळं सांगतात, मध्ये कात्री लावायला जागाच सापडत नाही. आम्ही विचारलं, "डॉक्टर, स्क्रीनकडे बघताना डोळे कोरडे का पडतात?"

उत्तर आलं, "कारण आपण पापण्या कमी मिटतो." माहिती बरोबर, पण क्लिप म्हणून निरुपयोगी. आमचा आवाज काढून टाकल्यावर प्रेक्षकाला हे कशाचं कारण ते कळणार नाही. अशा वेळी आम्ही पाहुण्यांना वाक्याची सुरुवात देतो: "'स्क्रीनकडे बघताना' इथून सुरू कराल का?" मग मिळालं ते असं: "स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. पापणी मिटली की अश्रूंचा थर डोळ्यावर सारखा पसरतो. तो पसरला नाही की डोळा कोरडा पडून चुरचुरतो." हे कुठेही लावा, आपल्या पायावर उभं राहतं.

"मगाशी म्हटलं तसं" किंवा "तुम्ही म्हणालात ते" ऐकू आलं की आम्ही तिथेच थांबवून तेच पुन्हा विचारतो. जाणकार माणसं याचा राग मानत नाहीत. पाहुण्यांना आधी फक्त विषय कळवतो. प्रश्न जसेच्या तसे पाठवले तर बरेच जण उत्तरं पाठ करून येतात आणि ते ऐकताना लगेच जाणवतं. प्रश्न संपल्यावर आणि उत्तर संपल्यावर दोन सेकंद गप्प बसतो, कारण आमच्या "हं, बरोबर"ने चांगली वाक्यं कापून वेगळी काढता येत नाहीत.

सगळंच मात्र वीस सेकंदांत कोंबत नाही. औषधांच्या थेंबांबद्दल डॉक्टरांच्या उत्तरात "पण" आला आणि तो पंचविसाव्या सेकंदाला होता. "पण"च्या आधी कापलं असतं तर अर्थ उलटा झाला असता. ग्राहकाने कुरकुर केली, तरी ती क्लिप आम्ही चाळीस सेकंदांची दिली.