माझा अनुभव: फुटलेला फोन, बर्डीवरचे चार रेट आणि एक फिंगरप्रिंट

नागपूरला शंकरनगर चौकात सिग्नलला स्कुटी थांबवली आणि पुढच्या कप्प्यातला फोन सरकून सरळ रस्त्यावर तोंडावर पडला. उचलला तर काच तडकलेली होतीच, पण खाली डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग, आणि घरी येईपर्यंत तो डाग अंगठ्याएवढा झाला. असा डाग म्हणजे काचेखालचं अमोलेड पॅनलच फुटलं, मग नुसती काच बदलून काही होत नाही, अख्खा फोल्डर टाकावा लागतो. (दुकानात स्क्रीनला फोल्डरच म्हणतात, म्हणजे डिस्प्ले, टच आणि काच एकत्र चिकटलेली.) नुसती काच गेली असेल आणि चित्र, टच एकदम नीट असेल तर काच बदलून देणारे आहेत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पण मशीनवर गरम करून तारेनं काच सोडवताना पॅनल मेलं तर जबाबदारी आपली, हे आधीच सांगतात.

मी लगेच दुकानात गेले नाही कारण घरात एक उदाहरण समोर होतं. माझा आणि लहान भावाचा फोन सेम, सॅमसंगचा एकच मॉडेल, दिवाळीत दोघांनी सोबतच घेतलेले. त्याचा फोन माझ्या आधी फुटला होता, आणि एका दुकानात त्यानं 1,700 रुपयात "ओरिजिनल" फोल्डर टाकून घेतला. बिल नाही, काही नाही. घरी आल्यावर कळलं की स्क्रीनमधला फिंगरप्रिंट चालतच नाही, किती वेळा बोट नव्यानं टाकून बघितलं तरी नाही. दुकानदार म्हणे सॉफ्टवेअर अपडेट करा, होऊन जाईल. ते होणारच नव्हतं, कारण त्यानं अमोलेडच्या जागी टीएफटी टाकला होता, म्हणजे साधा एलसीडी.

हे नीट समजून घ्या, सगळा खेळ इथंच आहे. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, मागे बॅकलाइट नसते. आमच्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर स्क्रीनच्या खाली बसलेला असतो, स्क्रीनच्या उजेडात बोट दिसतं आणि तो उजेड ठिपक्यांच्या मधून परत खाली सेन्सरपर्यंत जातो. एलसीडीत मागे बॅकलाइटचे थर लावलेले असतात, त्यातून तो उजेड खाली जातच नाही, मग सेन्सर चांगला असूनही आंधळा. आणि त्या थरांमुळेच फोल्डर जाड होतो, फ्रेममध्ये पूर्ण बसत नाही, कडेला नखाला अडेल एवढा वर राहतो. भावाच्या फोनची वरची कड मे महिन्यात उघडली, आपल्याकडचं ऊन आणि खिशातला गरम फोन, गोंद कितीक टिकणार. बॅटरीही आधी रात्रीपर्यंत पुरायची ती चार-पाच वाजताच संपायला लागली, कारण काळ्या स्क्रीनवरही बॅकलाइट जळतच असते.

तर मी आधी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलानं पहिले हेच बघितलं की फोन बाहेर कुठे उघडला तर नाही ना. मग एस्टिमेट दिलं, पार्ट आणि मजुरी मिळून 5,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 990, एकूण 6,490, बदललेल्या पार्टला तीन महिने वॉरंटी. तो कागद घेऊन मी बर्डीवर तीन दुकानं फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "कंपनीचा आहे की ओरिजिनलसारखा?" कारण ओरिजिनल हा शब्द तिथं सगळ्यालाच लावतात, ओरिजिनल क्वालिटी, सेम टू सेम ओरिजिनल, सगळंच.

एक दुकानदार मात्र सरळ बोलला. "ताई, कंपनीचा नवा माझ्याकडे नाही. दुसऱ्या फोनातून काढलेला ओरिजिनल 4,500, ओएलईडी कॉपी 3,200, आणि टीएफटी 1,700, पण तो तुम्ही घेऊ नका, फिंगर नाही चालणार." ओएलईडी कॉपी म्हणजे बाहेरच्या कंपनीनं बनवलेला, पण अमोलेडसारखाच ठिपके स्वतः उजेड देणारा फोल्डर. काढलेला ओरिजिनल त्यानं जोडून दाखवला. मी पूर्ण राखाडी फोटो लावायला सांगितला तर खाली कीबोर्डच्या जागी फिकट पट्टा स्पष्ट दिसला, म्हणजे आधीच्या मालकाच्या वापराचा छाप पडलेला. पांढऱ्या चमकदार होम स्क्रीनवर तो मला अजिबात दिसला नसता. 4,500 देऊन छापवाला फोल्डर, आणि सर्व्हिस सेंटरशी फरक 1,990 चा. माझं बँकेचं, यूपीआयचं सगळं फिंगरप्रिंटवर चालतं, फोन अजून दोन-तीन वर्षं वापरायचाय, म्हणून मी माझा सर्व्हिस सेंटरलाच दिला. त्यांनी डेटाची जबाबदारी घेणार नाही म्हणून आधीच सही घेतली, त्यामुळे बॅकअप घरूनच घेऊन जा.

भावाचं गणित वेगळं होतं. त्याचे 1,700 गेलेलेच, फोन बाहेर उघडलेला, आणि वर्षभरात नवा घ्यायचा विचार. मग त्याला त्याच सरळ बोलणाऱ्या दुकानात 3,200 वाली ओएलईडी कॉपी टाकायला नेलं, पण माझी अट एकच होती, चिकटवायच्या आधी जोडून दाखवा. हे महत्त्वाचं आहे बरं का, तिथली वॉरंटी बहुतेक टेस्टिंगपुरतीच असते, गोंद लागला की परत घेत नाहीत.

त्यानं फोल्डरची पट्टी बोर्डाला जोडली, फोल्डर फ्रेममध्ये नुसता ठेवला. आम्ही डायलरमध्ये हे टाकलं:

```
*#0*#
```

सॅमसंगमध्ये यानं टेस्टचा मेनू उघडतो. Red, Green, Blue दाबून एकेक रंग पूर्ण स्क्रीनवर बघायचा, रेघ किंवा डाग लगेच कळतो. मग Touch, त्यात चौकोन येतात, बोट फिरवलं की ते रंगत जातात, कडेचेसुद्धा सगळे रंगले पाहिजेत. मग पूर्ण काळा फोटो लावला आणि काउंटरखालच्या अंधारात धरला. काळं एकदम काळं, जणू स्क्रीन बंदच आहे. त्याच फोनला भावाचा काढलेला टीएफटी जोडून तोच फोटो लावला तर तो राखाडी निळसर चमकत होता. दोन्ही एका हातात धरले तेव्हा जाडीचा फरकही बोटालाच कळला.

सगळं पास, पण फिंगरप्रिंट नाही. फोल्डर हातानं दाबून धरला, जुने फिंगर डिलीट करून नवीन टाकायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर जाऊन अडकायचं. दुकानदारानं वाद घातला नाही, दुसरा फोल्डर काढला, त्याच कंपनीच्या पाकिटातला, दिसायला तसाच. यात पहिल्याच झटक्यात बोट घेतलं. कॉपीचा हाच धोका, एका लॉटमध्ये दोन पीस सारखे निघत नाहीत, आणि पहिला पीस चिकटवून घरी आणला असता तर पुन्हा तेच रडगाणं झालं असतं.

कड माझ्या फोनपेक्षा थोडी जाड आहे आणि उन्हात स्क्रीन माझ्याइतकी उजळ होत नाही, दोन्ही फोन अंगणात शेजारी ठेवून बघितले. बिलावर मी त्याला "ओएलईडी कॉपी, फिंगरप्रिंट टेस्ट करून दिला" असं लिहून मागितलं. त्यानं लिहून दिलं, तारीख टाकून, शिक्का मारून.