कोर्टाची पायरी न चढता मिटलेली भागीदारी

‘तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हतात. मग कोर्टात न जाता मिटलं कसं?’ माझ्या आणि भागीदाराच्या भांडणाबद्दल ओळखीचे लोक मला हेच विचारतात.

भांडण 12 लाखांचं होतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भोसरीतला आमचा टर्निंगचा कारखाना बंद होता, तेव्हा भागीदाराने घरचे पैसे घालून पगार आणि बँकेचे हप्ते भागवले. हिशेबात ते त्याच्या भांडवल खात्याला जमा झाले. चार वर्षांनी तो म्हणाला, ते कर्ज होतं, महिना एक टक्क्याने व्याज द्या. मी म्हटलं, मग मी रोज मशीनवर उभा राहतो त्याचा महिना 40 हजार पगार धरा. भागीदारीपत्रात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मध्ये कोण बसणार, यावरच आधी अडलं. मेहुणे, व्याही नकोत, हे दोघांनाही मान्य होतं. फर्मचे सीए नको म्हणालो, कारण ज्या नोंदीवरून वाद तीच त्यांच्याकडची. दोघांनी तीन-तीन नावं लिहिली, त्यात एक जुळलं. लघुउद्योगांची कर्जं पाहिलेले एक निवृत्त बँक अधिकारी. फी निम्मी-निम्मी. बसण्याआधी त्यांनी एका पानावर सह्या घेतल्या : मी निवाडा देणार नाही, मी लवाद नाही, इथे बोललेलं कोणी कोर्टात वापरायचं नाही, बोलणी चालू असेपर्यंत 50 हजारांवरच्या चेकवर दोघांची सही, आणि बँकेला कोणी एकट्याने पत्र द्यायचं नाही. ही शेवटची अट नसती तर आमचं पहिल्याच आठवड्यात फिसकटलं असतं. रागात माणूस पहिल्यांदा खातं गोठवायला धावतो.

मग प्रत्येकाने एकेक पान लिहून आणायचं होतं. फक्त तारीख, रक्कम, काय ठरलं होतं. ‘फसवलं’, ‘राबवून घेतलं’ असले शब्द त्यांनी पेन्सिलीने खोडले. बैठकीत एकाने दहा मिनिटं बोलायचं, मग दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि पहिला ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मला तीनदा सांगावं लागलं. वैताग येतो, पण आवाज खाली येतो. उठण्यापूर्वी टिपण वाचून सह्या व्हायच्या. त्यात तीन रकाने : मान्य, अमान्य, कागद नाही.

तो तिसरा रकाना फार उपयोगी पडला. कर्ज की भांडवल, याचा कागद नव्हता. पण भागीदारीपत्रात प्रत्येकाचं भांडवल 5 लाख, असं स्पष्ट होतं. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 13 सांगतं, की ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे धंद्यासाठी घातले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर वर्षाला 6 टक्के व्याज. म्हणजे त्याचं कर्ज खरं, पण दर निम्मा. चार वर्षांचे 5 लाख 76 हजार नव्हे, 2 लाख 88 हजार. त्याच कलमाप्रमाणे, ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही. मी गप्प झालो.

कायद्यावरच थांबलो असतो तर तो जिंकला असता आणि कारखाना बुडाला असता. मध्यस्थांनी दोघांशी वेगवेगळं बोलून भागीदाराला एक काम दिलं : याच्या जागी सुपरवायझर ठेवायचा तर बाजारात काय पडेल, ते तूच विचारून ये. तो स्वतः 45 हजारांचा आकडा घेऊन आला. तोच आकडा मी सांगितला असता तर त्याने मानला नसता.

शेवटी ठरलं असं : मागचं व्याज निम्मं, म्हणजे 1 लाख 44 हजार, बाकीचं त्याने माझ्या मागच्या कामापोटी सोडलं. 12 लाख कर्ज म्हणून वेगळ्या खात्यात, पुढे 9 टक्के. मला पुढच्या एप्रिलपासून 35 हजार. हे सगळं वकिलाकडून पुरवणी भागीदारीपत्रात घातलं, कारण भागीदाराचा पगार आणि व्याज पत्रात असल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत, आणि मागच्या तारखेचं चालत नाही.

मध्ये एकदा मोडता मोडता वाचलं. बैठकीबाहेर व्हॉट्सअॅपवर भांडण सुरू झालं आणि ‘मान्य’मधला मुद्दा पुन्हा उकरला गेला. बोलणी घसरू लागल्याची ही खूण. मध्यस्थांनी सही केलेलं टिपण पुढे ठेवलं आणि बैठकीबाहेर फक्त माल व डिस्पॅचबद्दल लिहायचं, असा नियम केला.

कोणी वह्या लपवत असेल, दुसऱ्या नावाने बिलं काढत असेल, तर मात्र हे करत बसू नका. सरळ वकील गाठा. आमच्या वह्या उघड्या होत्या, म्हणून जमलं. त्याच्या मुलाला धंद्यात घ्यायचं का, हे अजून ‘अमान्य’ रकान्यातच आहे. दिवाळीनंतर पुन्हा बसणार आहोत.