उतरवून घ्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या वर्गात संध्याकाळी विड्या वळून आलेल्या बायका बसतात. घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. त्यांच्यासाठी संगणकाची छोटी पुस्तिका लिहायला घेतली आणि ‘डाउनलोड’पाशी अडलो.

आधी ‘अधोभारण’ लिहिलं. वाचून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, “सर, हे दवाखान्यातलं काही आहे काय?” मग साधं ‘उतरवणे’ केलं. त्यावर त्याच मावशी: “ट्रकमधनं माल उतरवला की ट्रक रिकामा होतो. मग तिथली फाईल गेली की!”

शंका रास्त होती. फाईल तिथं असते तशीच राहते; आपल्या फोनमध्ये येते ती तिची नक्कल. ती जागाही खाते. लाइटबिल दोनदा डाउनलोड केलं की दुसऱ्या फाईलच्या नावापुढे (1) लागतो, आणि बाया विचारतात, हे दुसरं बिल कुणाचं? दोन दिवसांनी सुचलं: शाळेत बाई सांगायच्या, फळ्यावरचं उतरवून घ्या. फळा काही रिकामा व्हायचा नाही. आणि दोनदा उतरवून घेतलं तर वहीची दोन पानं भरायची. ‘उतरवून घेणे’ पक्कं झालं. मात्र मराठी केलेल्या फोनवरही बटणावर ‘डाउनलोड’च दिसतं. म्हणून बटणाचं नाव पडद्यावर आहे तेच ठेवलं, मराठी शब्द समजावून सांगण्यापुरता. अपलोडला ‘चढवणे’ घेतलंय. देवाला चढवलेला हार घरी राहत नाही, चढवलेला फोटो मात्र फोनमध्ये राहतो, एवढी खोट आहे त्यात.

‘पासवर्ड’ला तर मराठी शब्द तयारच होता, परवलीचा शब्द. दिसायला देखणा. पण आज आपण तो वापरतो कशासाठी? ‘सध्या विकास हा परवलीचा शब्द झालाय’, म्हणजे जो ज्याच्या त्याच्या तोंडी आहे तो! ‘गुप्तशब्द’ करून पाहिला, तर निम्म्या वर्गाने खरोखरच एक शब्द टाकला, बहुतेक नातवंडाचं नाव. पासवर्डात तर अक्षरं, आकडे, चिन्हं सगळंच हवं, आणि कोशात सापडणारा शब्द तर नकोच. इंग्रजीतही त्यात ‘वर्ड’ आहे म्हणा, पण आमच्या बायांना तो ऐकू येत नाही, हे बरंच आहे. पासवर्ड तसाच राहू दिला. चादरीवरची नक्षी मागावरच्या ज्या यंत्रानं पडते त्या जकार्डालाही सोलापुरात कुणी मराठी नाव शोधत बसलं नाही. ते मूळचं फ्रान्सच्या जॅकार नावाच्या माणसाचं आडनाव, हे मागावरच्या किती जणांना ठाऊक असेल?

‘डिलीट’ला ‘पुसा’ लिहिलंय, पण पुसलेला फोटो काही दिवस फोनच्या कचरापेटीत पडून असतो, आणि तिथून परतही येतो. पुसलेली पाटी अशी परत येत नाही. ‘टाकून द्या’ बरं वाटतंय. मावशींना विचारायचं राहिलंय, म्हणून ते पान अजून पेन्सिलीतच आहे.